‘छान’ म्हणजे नेमके काय?

शरीरसुखाविषयी आलेल्या पत्रांत प्रश्न वेगवेगळे दिसले, तरी गोंधळ एकच असतो: जोडीदाराला काय आवडते हे ठाऊक नाही आणि विचारायचे कसे तेही सुचत नाही. त्यांतील काही पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : या गोष्टींबद्दल बोललं की मजा जाते, असं मित्र म्हणतात. खरं आहे का? (कांदिवली)

नाही. मित्रांचे मत पुरे झाले. आता पत्नीचे विचारा.

प्रश्न : लग्नाला चार वर्षं झाली. कसं वाटलं विचारलं की बायको ‘छान’ एवढंच म्हणते. खरंच सुख मिळतं का, कळत नाही. वन रूम किचनचं घर, बाहेर आईवडील झोपतात, मग बोलायचं तरी कसं? (परळ)

समागमानंतर लगेच विचारलेले ‘कसं वाटलं?’ हा प्रश्न नसून प्रशस्तिपत्रकाची मागणी असते, आणि नवऱ्याचे मन मोडू नये म्हणून ‘छान’ म्हणून मोकळे होणे बहुतेक स्त्रियांना सोपे वाटते. हे एकदा सुरू झाले की आधीच्या सगळ्या ‘छान’चे काय, या संकोचाने पुढे खरे सांगणे अवघड होत जाते. बोलणे अंथरुणाबाहेर करावे. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर शेजारी बसून, एकमेकांकडे न पाहता बोलणे अनेकांना सोपे जाते. प्रश्नही निवडीचा असावा: ‘हळू आवडतं की जरा दाबून?’

आणखी एक गोष्ट दोघांनाही माहीत हवी. बहुसंख्य स्त्रियांना केवळ योनीप्रवेशाने कामपूर्ती मिळत नाही. योनीच्या वरच्या बाजूस असलेल्या शिश्निकेला स्पर्श लागतो. यात कोणाचाही दोष नाही.

मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकी लैंगिकता-संशोधकांनी १९७० मध्ये मांडलेला स्पर्शाचा सराव आम्ही आजही सांगतो. पहिले काही दिवस समागम बंद, स्तन आणि जननेंद्रिये वर्ज्य. एकाने सुमारे पंधरा मिनिटे उरलेल्या अंगाला स्पर्श करायचा, दुसऱ्याने फक्त काय जाणवते याकडे लक्ष द्यायचे, मग अदलाबदल. वर्ज्य भाग नंतर, दोघांची तयारी असेल तेव्हाच. स्पर्श घेणाऱ्याने आपला हात जोडीदाराच्या हातावर ठेवून जागा, दाब आणि गती दाखवायची. त्यासाठी शब्द लागत नाहीत, बाहेर कोणी झोपले असले तरी अडत नाही. स्पर्श करणारा दर मिनिटाला ‘आवडलं का?’ विचारू लागला, तर परीक्षा पुन्हा सुरू झाली असे समजावे.

खुणा तीनच ठरवा: खांदा दाबला की ‘असंच’, दोनदा थोपटले की ‘हळू’, तळहात सपाट टेकवला की ‘थांब’. ‘थांब’चे कारण त्या क्षणी विचारायचे नाही. सर्वाधिक घोटाळा मात्र ‘असंच’ने होतो, कारण जोडीदार खूश आहे असे वाटताच पुरुष वेग आणि दाब वाढवतो, आणि नेमके तेव्हाच काहीही बदलायचे नसते.

माझ्याकडे आलेल्या एका जोडप्यात पत्नी सुखाच्या टोकाजवळ आली की श्वास रोखून धरी, कारण भिंतीपलीकडे सासूबाई. दुखत असावे असे समजून नवरा प्रत्येक वेळी तिथेच थांबे. काळजीपोटी थांबणाऱ्या त्या माणसाला ती स्वार्थी समजत होती. खांदा दाबण्याची खूण ठरल्यावर त्याचे थांबणे बंद झाले, आणि हळूहळू तिची तक्रारही.

दीड-दोन महिन्यांच्या सरावानंतरही फरक नसेल, किंवा सराव सतत टाळला जात असेल, तर दोघांनी मिळून लैंगिक समुपदेशकाला भेटावे.

प्रश्न : अवयवांची नावं घ्यायला लाज वाटते. कुठले शब्द वापरायचे? (गोरेगाव)

दोघांनाही हलके न वाटणारे कोणतेही, अगदी घरगुती टोपणनावसुद्धा. डॉक्टरांसमोर मात्र ‘खाली दुखतं’ म्हणू नका. जागा स्पष्ट सांगा.

प्रश्न : ‘दोघांचा आनंद वाढवणारं’ जेल मोबाइलवर दिसलं. मागवू का? (मुलुंड)

आधी त्यावर काय लिहिले आहे ते वाचा. वेळ लांबवणाऱ्या अनेक जेलमध्ये लिडोकेनसारखे बधिर करणारे औषध असते. ते जोडीदारालाही लागते आणि तिलाही काही जाणवेनासे होते. जिथे जाणिवेची भाषा शिकायची, तिथेच बधिरता विकत घ्यायची! लैंगिक सुखाची क्षमता वाढवण्याचा दावा करून औषधांची जाहिरात करण्यास १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, तरी या जाहिराती राजरोस चालतात. कोरडेपणासाठी पाण्यावर आधारित साधे वंगण पुरते. कोरडेपणा कायम असेल तर तपासणी करून घ्या.

प्रश्न : संबंधांच्या वेळी दुखतं. वर्ष झालं. मूल झालं की थांबेल, असं जाऊबाई म्हणतात. नवऱ्याला सांगू का? (भांडुप)

आजच सांगा, आणि याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. संसर्ग, गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा एंडोमेट्रिओसिस हा आजार, योनीच्या स्नायूंचे आपोआप आकसणे अशी कारणे असू शकतात आणि प्रत्येकाचे उपचार वेगळे असतात; बाळंतपण हा त्यांतल्या कशावरही उपचार नव्हे. तोवर समागम बंद ठेवा. वर सांगितलेला स्पर्शाचा सरावही तपासणीनंतर, डॉक्टरांना विचारूनच सुरू करा.