३६० डिग्री फीडबॅक: वरून ४.६, खालून २.७

प्रश्न: "वाळूजला प्लांट हेड आहे. ३६० डिग्री फीडबॅकमध्ये दोन्ही वरिष्ठांनी ५ पैकी ४.६ दिले, बरोबरीच्या पाच जणांनी ३.४ आणि हाताखालच्या आठ जणांनी २.७. एचआर म्हणतंय सरासरी ३.६ आहे, ठीक आहे. पण खरं कोणाचं धरायचं?"

एचआरची सरासरी आधी बाजूला ठेवा. तीन गटांचे आकडे मिळवून तीनने भागले म्हणून ३.६ आले. पंधरा माणसं सारखीच धरली तर तेच ३.२ होतात. हिशोबाची पद्धत बदलली की निकाल बदलतो, तेव्हा त्या आकड्यावरून काही ठरवू नका.

खरं तिघांचंही असू शकतं. मी या भागातल्या कारखान्यांत मॅनेजर लोकांसोबत असे रिपोर्ट वाचायला बसतो. तुमच्यासारखाच एक प्लांट हेड होता, गाडीचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यातला. वरिष्ठ म्हणाले, "शब्दाचा पक्का." बरोबरीच्यांनी लिहिलं, "स्वतःचं काम निघालं की झालं." आणि ज्युनिअरपैकी एकानं लिहिलं होतं, "साहेबांना सांगून काय उपयोग, ते वरून तारीख देऊनच येतेत."

या शेवटच्या वाक्यानं सगळा रिपोर्ट उलगडला. महिन्याच्या रिव्ह्यूमध्ये कस्टमरला सॅम्पल कधी देणार असं विचारलं की हा गडी तिथंच तारीख देऊन मोकळा व्हायचा. डाय दुरुस्तीला बारा दिवस लागणार असतील तर हातात आठच उरायचे. मग टूल रूम दोन प्लांटमध्ये सामायिक असूनही दुसऱ्या प्लांटचं काम थांबवून फिटर आपल्याकडे ओढायचे. एवढ्यानं भागलं नाही की आपल्या माणसांच्या सुट्ट्या रद्द. एका वर्षी तर ऐन महालक्ष्म्यांच्या दिवशी तिघांना थांबवलं. वरच्यांना पाळलेली तारीख दिसली, शेजाऱ्याला पळवलेला फिटर दिसला, खालच्यांना रद्द झालेली सुट्टी. सवय एकच, झटक्यात हो म्हणायची.

तुमच्या रिपोर्टमध्येही अशी एक गोष्ट सापडते का बघा. एकूण आकडे सोडून ज्या प्रश्नावर वरच्या आणि खालच्या गटात सगळ्यात जास्त अंतर आहे, तो प्रश्न काढा. त्या साहेबांच्या बाबतीत तो होता "अडचण सांगितली तर ऐकून घेतात". वरिष्ठांचे ४.५, ज्युनिअरचे २.१. वरिष्ठ काही खोटं लिहीत नव्हते. सकाळच्या प्रॉडक्शन मीटिंगला ते कधी बसलेलेच नसतात, मग त्यांना काय दिसणार?

मग त्या प्रश्नावर गटातले गुण कसे पसरलेत ते पाहा. त्या साहेबांच्या आठ ज्युनिअरपैकी तिघांनी १, तिघांनी २ आणि दोघांनी ४ दिले होते. सगळ्यांनी २ दिले असते तर गोष्ट निराळी होती. इथं दोघांना वेगळा अनुभव येत होता. बोलता बोलता साहेबांनाच आठवलं की स्टोअर आणि मेंटेनन्सचं ते शांतपणे ऐकतात, कारण तिथं त्यांची तारीख अडकलेली नसते. यावरून कोणी किती दिले हे शोधायला मात्र जाऊ नका. वरिष्ठ सोडले तर तीनपेक्षा कमी माणसांचा गट सहसा वेगळा दाखवत नाहीत, तो याचसाठी. एकदा का शोधाशोध सुरू झाली की पुढच्या वेळी सगळीकडे ४ आणि शेरे कोरे. आपल्याकडे साहेबाबद्दल लिहायचं म्हटलं की हात आखडतो, त्यामुळे भीती असूनही आलेल्या २.७ ला मी जास्त वजन देईन. बरोबरीच्यांचे ३.४ थोडे जपून वाचा. हा रिपोर्ट बढतीला किंवा इन्क्रिमेंटला जोडलेला असेल, तर त्याच खुर्चीवर डोळा असलेला माणूस हात राखून गुण देतो.

करायचं काय? एकच सवय धरा. त्या साहेबांनी ठरवलं की रिव्ह्यूमध्ये तारीख द्यायची नाही, "उद्या चारपर्यंत सांगतो" म्हणायचं आणि आधी टूल रूम, क्वालिटी आणि दुसऱ्या प्लांटच्या हेडला विचारायचं. हे त्यांनी आठही जणांना एकत्र बसवून सांगितलं, कोणाकडे न बघता, सफाई न देता. तीन महिन्यांनी त्याच गटाला चारच प्रश्न विचारले, पूर्ण फीडबॅक वर्षानं.

यात एक गोम आहे. तुमचीही हीच सवय निघाली तर तुमचे ४.६ बहुधा उतरतील. झटक्यात हो म्हणणारा माणूस वरच्यांना आवडत असतो, तो एकदम "उद्या सांगतो" म्हणायला लागला की ढिला पडला असं वाटतं. म्हणून टीमला सांगायच्या आधी तुमच्या थेट साहेबांना रिपोर्ट दाखवा आणि पुढचे दोन-तीन रिव्ह्यू तारीख एक दिवस उशिरा मिळेल, याला त्यांची हरकत नाही ना, हे विचारून घ्या. ते तयारच झाले नाहीत, तर खालच्यांना काही कबूल करू नका.