गावातल्या होमस्टेची पोस्ट: आधी अंतराचं खरं बोला

प्रश्न: वाळपईच्या पुढे ६ किलोमीटर आत आमचं जुनं घर आहे, दोन खोल्या होमस्टेला देतो. पोस्टमध्ये "निसर्गाच्या कुशीत, बीच आणि पणजीपासून थोड्याच अंतरावर, अस्सल गोवन जेवण, सर्व सोयी" असं लिहिलंय. बुकिंग येतं, पण लोक आल्या आल्या तोंड वाकडं करतात, रिव्ह्यूत "फार दूर, आधी सांगितलं नाही" लिहितात. पोस्ट परत लिहायचीय. खरं लिहायचं आणि माणूस पळूनही जायला नको, कसं जमवायचं?

उत्तर:

ताई, वाचल्या वाचल्या लिहायला बसले, कारण त्या "थोड्याच अंतरावर"नं आम्हालाही एक अख्खा सीझन छळलंय. आमचं घर डिचोली तालुक्यात नार्वेच्या बाजूला. टुरिझम खात्याचं रजिस्ट्रेशन, पंचायतीचे कागद वगैरे तुमचं झालेलं असणारच, त्यात जात नाही. आणि हे सगळं गावातल्या छोट्या घराबद्दल आहे, बीचवरच्या रूमवाल्यांचं गणित वेगळं असतं, त्यांना यातलं अर्धं लागू पडणार नाही.

आमची पहिली पोस्ट लिस्टिंग करून देणाऱ्या एका एजन्सीनं लिहिली होती, नाव घेत नाही. त्यांचा माणूस एका दुपारी आला, फोटो काढले, चहा घेतला आणि गेला. पोस्टमध्ये आलं, "ओल्ड गोवा फक्त ६ किमी, पणजी हाकेच्या अंतरावर." आता ज्यांना तो भाग माहीत आहे त्यांना लगेच कळेल, ६ किमी हे पक्ष्यानं उडत जायचं अंतर आहे. मध्ये मांडवी, मध्ये दिवाडी बेट, म्हणजे दोन फेरीबोटी, एक ओल्ड गोव्याहून दिवाडीला आणि दुसरी दिवाडीहून नार्वेला. नाहीतर माशेलवरून आमोण्याच्या पुलानं वळसा घालून यायचं. दिवसा फेरीबोटीची मजा वाटते, रात्री सामान आणि पोरं घेऊन नाही वाटत.

पुण्याचं एक कुटुंब रात्रीच्या फ्लाइटनं दाबोळीला उतरलं, मॅपनं त्यांना सरळ ओल्ड गोव्याच्या धक्क्यावर नेलं, तिथे अंधार, फेरीबोट बंद. मग फोनाफोनी, टॅक्सीवाला वैतागला, जादा पैसे मागायला लागला, शेवटी वळसा घालून ते मध्यरात्रीनंतर पोचले. माझी सासू जेवण गरम करत जागी. त्या लोकांनी घराबद्दल वाईट काही लिहिलं नाही, जेवणाचं कौतुकच केलं, पण स्टार दोन दिले आणि पहिलं वाक्य लिहिलं, "अंतराबद्दल दिशाभूल." आणि त्यांचं खरंच होतं.

एजन्सीला सांगितलं बदला, तर उत्तर काय, की आकडा मॅपचाच आहे, आणि खरं अंतर टाकलं तर सर्चमध्ये खाली जाल. दर वेळी फोनवर नवीन माणूस, दर वेळी पहिल्यापासून सगळं सांगा. लॉगिन त्यांच्याकडे, म्हणून आम्हाला हातही लावता येईना. पावसाळा लागेपर्यंत ते वाक्य तसंच राहिलं आणि तेवढ्यात तसेच आणखी रिव्ह्यू पडले. अजून आठवलं की राग येतो. म्हणून एक गोष्ट ठामपणे सांगते, लिहून कोणाकडूनही घ्या पण लॉगिन स्वतःच्या नंबरवर आणि स्वतःच्या ईमेलवर ठेवा.

तर तुमच्या पोस्टचं. माझं मत असं की अंतर आधी लिहायचं, तळाशी दडवायचं नाही. आणि किलोमीटर नाही, वेळ लिहायचा, कशानं जायचं तेही लिहायचं. सत्तरी तालुक्यात १० किमी आणि पर्वरीला ट्रॅफिकमध्ये १० किमी या वेगळ्या गोष्टी आहेत, बाहेरच्याला ते कसं कळणार. एकदा स्वतः गाडी काढून घड्याळ लावून बघा, दिवसा एकदा आणि अंधार पडल्यावर एकदा. पाहुण्याला चारच ठिकाणं हवी असतात: जवळचा बाजार, विमानतळ, रेल्वे स्टेशन आणि समुद्र. विमानतळ लिहिताना दोन्ही लिहा, मोपा आणि दाबोळी, कारण अर्ध्या लोकांना गोव्यात दोन आहेत हेच माहीत नसतं. तिकिटावर मोपाला GOX आणि दाबोळीला GOI असतं, हे एक वाक्य पोस्टमध्ये टाकलंत तर पुढचे बरेच फोन वाचतील.

तुमच्याकडचं मी असं काहीतरी लिहीन, वेळ तुम्ही मोजून बदला:

"आमचं घर समुद्राजवळ नाही. कळंगुट-बागाला गाडीनं जायला दीड तास धरा, पणजीला सव्वा तास. वाळपईचा बाजार १५ मिनिटांवर, तिथे एटीएम, मेडिकल, पेट्रोल सगळं मिळतं. संध्याकाळनंतर गावात बस नाही, त्यामुळे स्वतःची किंवा भाड्याची गाडी असेल तरच सोयीचं पडेल. ज्यांना रोज बीचवर जायचंय त्यांनी किनाऱ्याला राहिलेलं बरं. म्हादईचं अभयारण्य, तांबडी सुर्लाचं महादेवाचं देऊळ, कुळागरं हे बघायचं असेल तर आमच्याकडून सकाळी लवकर निघता येतं."

"पहिल्याच वाक्यात नाही?" म्हणून आमचे हे माझ्याशी भांडले होते. पण त्या "नाही"नं जो जातो तो तसाही नाराजच होणार होता. आणि ज्याला जंगल, देऊळ, शांतता हवी तो हे वाचून थांबतो, त्याला वाटतं हा माणूस खरं बोलतोय, मग जेवणाबद्दल लिहिलेलंही तो खरं धरतो. आमचं नवीन लिहिल्यावर विचारणा कमी झाली हे खरंय, पण आलेले लोक एक रात्र जास्त राहायला लागले. तुमच्याकडे तसंच होईल असं मी म्हणत नाही.

खोल्यांचं थोडक्यात. "सर्व सोयी" काढून टाका, त्यातून काहीच कळत नाही. बाथरूम खोलीला लागून आहे की अंगणातून जायचं, कमोड आहे का, गरम पाणी गीझरचं की बंबाचं, एसी आहे की फॅन, आणि लाईट गेली तर इन्व्हर्टरवर काय चालतं. आपल्याकडे पावसात लाईट जातेच, घरच्या साध्या इन्व्हर्टरवर फॅन-दिवे चालतात पण एसी नाही, हे लिहूनच टाका. कौलारू घर असेल तर पाली, बेडूक, किडे येणारच, मच्छरदाणी आहे असं सांगा. फोटो वाइड लेन्सनं काढू नका, खोली दुप्पट दिसते आणि मग माणूस दारातच थबकतो. मोबाईलला कुठल्या कंपनीची रेंज येते तेही लिहा, काम घेऊन येणारे तेच आधी बघतात.

जेवणावर मात्र जरा वेळ द्या, आपल्या घरात पाहुणा लक्षात ठेवतो ते तेच. "अस्सल गोवन जेवण" म्हटलं की बाहेरचा माणूस रोज सुरमई आणि कोळंबी धरून येतो. आता १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्या दिवसांत ताजी सुरमई कुठून आणणार? आम्ही महिन्याप्रमाणे लिहिलं. ऑक्टोबर ते मे सकाळच्या बाजारात जे नुस्तं, म्हणजे मासळी, मिळेल त्याचं हुमण आणि तळलेलं. जून-जुलैत सुक्या बांगड्याची किसमूर, नदीचं काही मिळालं तर ते, नाहीतर आळसांद्याचं तोंडाक, खतखतं, उकड्या तांदळाचा भात, सोलकढी. मजा म्हणजे पावसाळ्यातलं वाचून त्यासाठीच येणारे लोक निघाले.

सोमवारी तुमच्याकडे शिवराक असेल, श्रावण पाळत असाल, तर तेही सांगा आणि का ते सांगा. "सोमवारी आमच्या घरात मासे शिजत नाहीत, त्या दिवशी मुगागाठी आणि वरण-भात" असं लिहिलं की कोणी रागावत नाही. नुसतं "सोमवारी नॉनव्हेज नाही" हे हॉटेलच्या पाटीसारखं लागतं. जेवण भाड्यात धरलंय की वेगळं, थाळीचा दर किती, रात्रीचं जेवण किती वाजेपर्यंत सांगायचं आणि किती वाजता वाढणार, हे आकड्यात. नाश्ता पोद्यार म्हणजे पाववाला आला की पाव-भाजी, नाहीतर पोळे, एवढं लिहिलं तरी पुरे.

नियमांचं बघितलंत तर बहुतेक पोस्टमध्ये "नो बॅचलर, नो पार्टी, नो लाऊड म्युझिक, नो आउटसाइडर" अशी रांग असते. वाचणाऱ्याला वाटतं आल्या आल्या ओरडणार हे लोक. माझ्या मते मोजकेच नियम ठेवा, जे मोडले तर तुम्हाला खरंच त्रास होतो तेच, आणि प्रत्येकाला कारण जोडा. "घरात सासूबाई आणि शाळेची मुलं आहेत, रात्री १० नंतर अंगणात गाणी नकोत." "देवघर मधल्या खोलीत आहे, तिथून पुढे चपला नकोत." दारू चालत असेल तर कुठे चालते ते लिहा, चालत नसेल तर स्पष्ट नाही म्हणा, "शक्यतो टाळावी" असलं अर्धवट काही लिहू नका, त्यावरून हमखास वाद होतो. ओळखपत्र सगळ्यांचं लागेल, आणि परदेशी पाहुणा असेल तर २४ तासांत त्याची माहिती सरकारकडे भरावी लागते म्हणून पासपोर्ट आणि व्हिसाची कॉपी लागेल, हे आधी कळलं की दारात ताटकळत कोणी उभं राहत नाही. चवथीला घर माणसांनी भरत असेल तर त्या तारखा कॅलेंडरमध्ये आधीच बंद करा.

जाता जाता, भाड्याच्या गाडीचं. पाहुणे तुम्हालाच विचारणार, तर पोस्टमध्येच लिहून ठेवा की काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच स्कूटर भाड्यानं घ्या. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी घेतली आणि वाटेत पोलिसांनी धरलं तर दंड त्यांना आणि चिडचिड तुमच्याकडे.

शेवटी मॅपवरची पिन. काही साइट्स पिनवरून सरळ रेषेत अंतर काढून स्वतःच दाखवतात, ते तुम्ही बदलू शकत नाही, म्हणून वर्णनात "वर दिसतं ते सरळ रेषेतलं अंतर आहे, रस्त्यानं इतका वेळ लागतो" हे वाक्य हवंच. पिन घराच्या दारावर आहे का तेही बघा, आमची शेजारच्या बागायतीत पडली होती. आणि बुकिंग पक्कं झालं की त्याच दिवशी मेसेज पाठवा, कुठल्या रस्त्यानं यायचं, शेवटचं वळण कुठल्या देवळापाशी, आणि अंधार पडायच्या आत पोचणार नसाल तर निघताना फोन करा. तुमचं नवीन लिहून झालं की इथे टाका, मी वाचून सांगते.