चोरीचा आळ, जातीवरून अपमान आणि विनयभंग: आईने एकच गोष्ट निवडायची का?

"वकीलताई, माझी आई पुण्यात तीन घरी काम करते. एका घरी चार वर्षं स्वयंपाकाला होती, सहा हजार मिळायचे. जानेवारीत माझ्या जातीच्या दाखल्याची झेरॉक्स तिने मॅडमच्या घरच्या प्रिंटरवर काढून घेतली, तेव्हा त्यांना आमची जात कळली. पुढच्या आठवड्यापासून स्वयंपाक बंद, फक्त भांडी आणि बाथरूम, पगार अडीच हजार. मग मॅडमचे दीर राहायला आले. त्यांनी ड्राय बाल्कनीत आईला मागून धरलं, वर म्हणाले, तुमच्या लोकांवर कोण विश्वास ठेवणार. आईने मॅडमला सांगितलं तर तिसऱ्या दिवशी अंगठी चोरल्याचा आळ. पार्किंगमध्ये वॉचमन आणि शेजारच्या काकूंसमोर मॅडम म्हणाल्या, या जातीच्या लोकांना घरात घेतलं हीच चूक. सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकला, बाकीची दोन्ही घरं सुटली. तीन आठवडे झाले. काल चौकीतून फोन आला, संध्याकाळी सात वाजता या म्हणून. वस्तीतले एक काका म्हणतात की ॲट्रॉसिटी नाहीतर विनयभंग, एकच काहीतरी पकडा, सगळं टाकलं तर खोटं वाटेल. काय करू?"

आधी चौकीचं बघू कारण ते आजचं आहे. नुसत्या फोनवर आईने सात वाजता जायचं नाही. तिला संशयित म्हणून बोलवायचं असेल तर बीएनएसएस या फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या कलम 35(3) खाली लेखी नोटीस द्यावी लागते, आणि साक्षीदार म्हणून विचारायचं असेल तर कलम 179 प्रमाणे बाईला तिच्या घरी येऊन विचारायचं असतं. फोन करणाऱ्याला शांतपणे एवढंच सांग की नोटीस द्या, दिवसा वकिलाबरोबर येतो. सूर्यास्तानंतर बाईला अटक करता येत नाही, अगदीच अपवादात्मक कारण असेल तर महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी लागते. पण नोटीस खरंच हातात आली तर मात्र जायचंच, ती टाळली तर तेच अटकेचं कारण होतं. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा नाही, आणि "अंगठी परत दे, विषय मिटवू" असं कोणी कितीही गोडीत म्हटलं तरी माफीनामा वगैरे लिहून द्यायचा नाही, तो उद्या कबुली म्हणून नाचवतील.

आता एक गोष्ट बघ, जी बऱ्याच जणांना माहीत नसते. साध्या चोरीला बीएनएसमध्ये, म्हणजे आयपीसीच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण नोकराने मालकाकडे चोरी केली तर वेगळं कलम लागतं, 306, आणि त्यात सात वर्षांपर्यंत. मालकाने नोकराचा पगार बुडवला तर त्याला असं खास कलम नाहीये, हे जाता जाता सांगते. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात लगेच उचलून न्यायचं नाही हे सुप्रीम कोर्टाने अर्नेश कुमारच्या 2014 च्या निकालात सांगितलंय, तरी एफआयआर झालाय असं कळलं तर अटकपूर्व जामिनाचा अर्ज तयार ठेवायचा. फीची काळजी नको. लीगल सर्व्हिसेस ऑथॉरिटीज ॲक्ट, 1987 च्या कलम 12 मध्ये बाई म्हणूनही आणि अनुसूचित जातीची म्हणूनही उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, 15100 ला फोन कर किंवा सरळ जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा.

मग काकांचा सल्ला. काका वाईट माणूस नसतील, पण हा सल्ला ऐकू नका. एकच पकडलं तर काय होतं बघ. नुसता विनयभंग लिहिला तर पहिला प्रश्न येणार, चार वर्षं काही झालं नाही मग आत्ताच कसं. नुसती ॲट्रॉसिटी लिहिली तर म्हणणार की चोरी पकडली गेली म्हणून जात पुढे केली. आणि नुसता पगाराचा वाद लिहिला तर हवालदार "किरकोळ वाद" म्हणून अदखलपात्र नोंद करून मोकळा होणार. हे सगळं एकामागून एक ज्या क्रमाने घडलं त्या क्रमाने सांगितलं तरच प्रत्येक गोष्टीला दुसरीचा आधार मिळतो. जात कळली म्हणून ती स्वयंपाकघरातून बाथरूमकडे ढकलली गेली, त्या घरात तिची किंमत आता काय आहे हे दिराने पाहिलं म्हणून त्याची हिंमत झाली, गरीब मोलकरीण आहे म्हणून चोर म्हणणं सोपं गेलं. शेजारच्या काकूंच्या घरी दुसऱ्या जातीची स्वयंपाकीण असेल, तीही बाई आणि तीही गरीब, पण तिच्या बाबतीत ही साखळी पहिल्याच पायरीला सुरू झाली नसती. तुमच्याच जातीचा एखादा ड्रायव्हर असता तर त्याचा अपमान झाला असता, कदाचित कामही गेलं असतं, पण ड्राय बाल्कनीतला प्रकार त्याच्या वाट्याला यायची शक्यता कमीच.

कोर्टाला हे अगदीच नवीन नाही. पाटण जमाल वली विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या 27 एप्रिल 2021 च्या निकालात पीडित मुलगी अनुसूचित जातीची होती आणि दृष्टिहीन होती. न्या. चंद्रचूड यांनी सविस्तर लिहिलं की जात, बाईपण आणि अपंगत्व यांचा अन्याय वेगवेगळा मोजता येत नाही, ते एकत्रच काम करतात. आणि तरीही त्याच निकालात बलात्काराची शिक्षा कायम राहिली पण ॲट्रॉसिटीची टिकली नाही! कारण तेव्हाच्या कलमात गुन्हा "जातीच्या कारणावरून" झाल्याचं सिद्ध करावं लागायचं आणि सरकारी पक्षाने तसा पुरावाच आणला नव्हता. 26 जानेवारी 2016 पासून ते कलम बदललंय, आता आरोपीला जात माहीत होती एवढं दाखवलं तरी चालतं. म्हणून तुझ्या आईच्या केसमध्ये सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा की जात कुणाला कधी कळली, आणि सुदैवाने त्याची तारीख तुमच्याकडे आहे.

ती कशी दाखवायची? पगार ऑनलाइन येत असेल तर बँकेचं स्टेटमेंट काढ, डिसेंबरपर्यंत सहा हजार आणि फेब्रुवारीपासून अडीच हजार हे दोन आकडे कुठल्याही साक्षीदारापेक्षा मोठ्याने बोलतात. झेरॉक्ससाठी दाखल्याचा फोटो मॅडमना व्हॉट्सॲपवर पाठवला असशील तर तो मेसेज, तारीख वेळेसकट. "उद्यापासून किचनचं मी बघेन, तू बाथरूम कर" असं काही आलं असेल तर तेही. आईकडे अपॉइंटमेंट लेटर कुठून असणार, पण सोसायटीच्या गेटवरच्या ॲपमध्ये तिच्या रोजच्या एंट्र्या असतात, ती चार वर्षं तिथे कामाला होती हे त्यातूनच सिद्ध होतं. पार्किंगचं सीसीटीव्ही फुटेज सोसायट्यांमध्ये काही आठवड्यांत आपोआप पुसलं जातं, तीन आठवडे आधीच गेलेत, म्हणून ते जपून ठेवा असा अर्ज आजच सेक्रेटरीला आणि पोलिसांना द्या, पोच घ्या. आईने त्या रात्री कुणाला फोन केला असेल, व्हॉइस नोट पाठवली असेल तर काहीही डिलीट करू नका आणि तो मोबाईलही बदलू नका.

आता कुठे काय लागेल. स्वयंपाक काढून घेणं, घराच्या आत टोमणे मारणं यावर ॲट्रॉसिटी टिकवणं कठीण आहे, हितेश वर्मा प्रकरणात 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की चार भिंतींच्या आतला अपमान लोकांसमोरचा धरता येत नाही. पार्किंगमधला मात्र धरता येतो, तिथे वॉचमन होता, शेजारीण होती. मॅडमनी जातीचं नाव घेतलं नाही म्हणून ॲट्रॉसिटी कायद्यातलं जातिवाचक शिवीचं कलम 3(1)(एस) नको, अपमानाचं 3(1)(आर) लावायला सांग. नसलेलं नाव तोंडी घालू नका, उलटतपासणीत तेच पहिलं फुटतं. वॉचमन बोलेल का याची खात्री नाही, त्याचीही नोकरी ठेकेदाराच्या हातात आहे, पण त्याचं नाव तक्रारीत असू दे.

दिराच्या बाबतीत लोकांसमोर वगैरेची अटच नाही. अनुसूचित जातीच्या बाईला, ती त्या जातीची आहे हे माहीत असताना, लैंगिक हेतूने तिच्या मर्जीविरुद्ध हात लावला तर 3(1)(डब्ल्यू)(आय), त्याबरोबर बीएनएसची 74 आणि 75. तो म्हणणार मला जात काय माहीत. कलम 8(सी) सांगतं की आरोपीची पीडितेशी किंवा तिच्या कुटुंबाशी वैयक्तिक ओळख असेल तर जात माहीत होती असं कोर्ट गृहीत धरतं. पण तो काही दिवसांचा पाहुणा, ही ओळख पुरेशी की नाही यावर वाद होईल, म्हणून त्याचं वाक्य जसंच्या तसं लिहा: "तुमच्या लोकांवर कोण विश्वास ठेवणार." समोरचा वकील म्हणेल की "तुमचे लोक" म्हणजे कामवाल्या, जात नव्हे. म्हणू दे. म्हणूनच सांगते की त्याआधीची किचनची गोष्ट जबाबात असलीच पाहिजे, ती वगळली तर या वाक्याचा अर्थ लावायला कोर्टाकडे काही उरत नाही.

जबाब महिला अधिकाऱ्याने घ्यायचा, वाचून दाखवायचा, एफआयआरची कॉपी फुकट द्यायची. ॲट्रॉसिटीत "आधी चौकशी करू मग बघू" चालत नाही, कलम 18ए ने ते बंद केलंय, तपासही एसीपीच्या खालच्या अधिकाऱ्याने करायचा नाही. टाळाटाळ केली तर 14566 या ॲट्रॉसिटीच्या हेल्पलाइनला तक्रार नोंदव आणि डीसीपींना लेखी पाठव, पोच ठेव. एफआयआर झाल्यावर त्याची कॉपी समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे द्या, अर्थसहाय्य तिथून सुटतं.

दुसरा दरवाजा म्हणजे जिल्ह्याची स्थानिक समिती, कामाच्या ठिकाणी बाईच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याखालची. मालकाचं घर हे कामाचं ठिकाण आहे असं त्यात स्पष्ट लिहिलंय. घटनेपासून तीन महिन्यांत अर्ज करायचा, म्हणजे वेळ आहे, आणि घरकामगाराच्या बाबतीत प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर समितीने सात दिवसांत प्रकरण पोलिसांकडे पाठवायचं असतं. तिथे छापील फॉर्म दिलाच तर त्यात जातीचा रकाना असेलच असं नाही, सोबत वेगळा कागद जोड.

ग्रुपवरच्या मेसेजचा स्क्रीनशॉट कुणाकडून तरी मिळव. अनुसूचित जातीच्या माणसाला काम नाकारणं हा आर्थिक बहिष्कार, 3(1)(झेडसी), यात बसू शकतो, पण मेसेजमध्ये फक्त "चोर आहे, ठेवू नका" असेल तर जातीचा धागा परत त्या जानेवारीपासूनच जोडावा लागेल. तक्रारीत घाला, सगळा भार त्यावर टाकू नका.

सगळ्यात कमकुवत बाजू पगाराची. लेबर कोर्टाकडून आशा ठेवू नकोस, नव्या इंडस्ट्रियल रिलेशन्स कोडने "उद्योगा"च्या व्याख्येतून घरगुती सेवा सरळ वगळलीय. महाराष्ट्रात 2008 चा घरकामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे, नोंदणी नसेल तर करून घ्या, पण बुडालेला पगार मंडळ वसूल करून देत नाही. वेगळा कायदा हवा म्हणून सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2025 मध्ये केंद्राला समिती नेमायला सांगितलं होतं, पण आईच्या पगाराला त्याचा आज उपयोग नाही. शेवटच्या महिन्याचे राहिलेले पैसे वकिलाच्या नोटिशीने मागू, ते वेगळ्या कागदावर, आणि एफआयआर नोंदवून झाल्यानंतरच. आधी नोटीस गेली तर समोरचे म्हणतील पैशासाठी सगळं रचलं.