पगार कमी, काम मनासारखं: संस्थेची ऑफर कशी तोलावी?

प्रश्न: 'पुण्यात खासगी कंपनीत आहे, साडेचार वर्षं झाली. हातात ६५,००० येतात, बेसिक ३०,०००. शिक्षणात काम करणारी एक स्वयंसेवी संस्था ५०,००० देतेय, पण कन्सल्टंट म्हणून. काम मनासारखं आहे. १५,००० साठी नाही म्हणू का?'

फरक १५,००० चा नाही. तुमचा पीएफ पूर्ण बेसिकवर कापला जात असेल तर दरमहा तुमचे ३,६०० आणि कंपनीचे ३,६०० खात्यात जमा होतात. म्हणजे आजची कमाई ७२,२०० झाली. संस्थेत पीएफ नाही, आणि ५०,००० मधून १० टक्के टीडीएस कापून बँकेत ४५,००० येतील. कापलेले पैसे रिटर्न भरल्यावर परत मिळतील, पण घरखर्च तोवर थांबत नाही. आरोग्य विमाही स्वतःचा काढावा लागेल. तेव्हा खरा फटका २२,००० च्या वरच धरा.

ग्रॅच्युइटीचंही बघा. पाच वर्षांआधी राजीनामा दिलात तर साधारणपणे ती मिळत नाही. तुमच्या बेसिकवर पाच वर्षांची रक्कम ३०,००० × १५/२६ × ५, म्हणजे साधारण ८६,५०० होते. सहा महिन्यांनी रुजू झालं तर चालेल का, हे निदान विचारून तरी बघा.

आता संस्थेला विचारायचा मुख्य प्रश्न: माझा पगार कोणत्या ग्रँटमधून आणि ती कधी संपते? सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांकडून समाजकार्यासाठी मिळणारा पैसा बहुतेकदा वर्षावर्षाच्या कराराने येतो. परदेशी निधी असेल तर २०२० पासून प्रशासकीय खर्चाला २० टक्क्यांची मर्यादा आहे, त्यामुळे अकाउंट्स, एचआरसारख्या जागांवर आधी ताण येतो. 'बघू, रिन्यू होईलच' असं उत्तर आलं तर ग्रँटच्या शेवटच्या तारखेपर्यंतचीच नोकरी समजा. तेवढ्याच मुदतीचं, पण पे-रोलवरचं नेमणूकपत्र मागा. अनेक संस्था देतात, मागितल्याशिवाय मात्र क्वचितच. पे-रोलवर नसाल तर पगारदारांचा फॉर्म १६ मिळत नाही, आणि गृहकर्जाच्या वेळी बँक दोन-तीन वर्षांचे रिटर्न मागते.

पुढची कमाई पदनामापेक्षा हातातल्या कामावर ठरते. प्रोजेक्टचं बजेट, देणगीदारांचे रिपोर्ट, प्रपोजल तुमच्याकडे असतील तर मोठ्या फाउंडेशनमध्ये किंवा कंपनीच्या सीएसआर विभागात जाता येतं आणि पगार बराच भरून निघतो. नुसतं शाळांना भेटी देणं असेल तर परतीची वाट अरुंद होते. गेल्या दोन वर्षांत पगारवाढ किती झाली, हे एचआरला नाही, तिथल्याच कुणा जुन्या माणसाला विचारा.

आणि ध्येयाचं म्हणाल तर वेबसाइटवरून कळत नाही. देणगीदार सांगतोय पण आम्हाला पटत नाही म्हणून कोणतं काम नाकारलंत, असं विचारा. एकही उदाहरण आठवलं नाही तर मी दोनदा विचार करेन.

तुमच्या जागी मी पे-रोल आणि ५५,००० मागितले असते. पे-रोल मिळत असेल तर ५०,००० वरही गेलो असतो. कन्सल्टंट म्हणूनच घेणार असतील तर ६५,००० च्या खाली नाही.