शहर नायकाच्या डोळ्यांना दिसतं ते नव्हे, त्याच्या कामाला लागतं ते लिहा

प्रश्न: माझ्या कादंबरीची नायिका पहिल्यांदाच नवी मुंबईत येते. तिच्या नजरेतून शहर वाचकाला हळूहळू कसं दाखवावं? सुरुवातीची दोन पानं शहराच्या वर्णनाची झाली आहेत, ती ठेवू का?

दोन पानं काढून टाका. पुढचं सगळं जरा लांबण आहे, कारण याच गोष्टीवरून ठाण्यातल्या एका लेखनगटात माझं जे वाजलं होतं, ते अजून डोक्यातून गेलेलं नाही.

मी कोपरखैरण्यात माथाडी वसाहतीत वाढलो, वडील मार्केटात पाठीवर गोण्या वाहायचे. त्यामुळे कथा लिहायला घेतली ती मार्केटचीच. नायक संपत, लासलगावकडचा. तिथे बाजार समितीत आयुष्य गेलेलं, आता वाशी मार्केटात एका गाळ्यावर दिवाणजी म्हणून येतो. गटातल्या ज्येष्ठांनी कथा ऐकली आणि म्हणाले, ‘आधी नवी मुंबई समजावून सांगा. सिडको 1970 ला स्थापन झाली, मग नोड, सेक्टर, खाडी. वाचकाला नकाशा द्या आणि मग माणूस आत सोडा. शिवाय तुमचा संपत फार हुशार वाटतो, नवखा माणूस कसा बावरलेला हवा.’

दोन्ही गोष्टी चूक. दुसरी आधी घेतो.

नवखा माणूस शहराला नवखा असतो, जगाला नाही. संपतला कांद्यातलं सगळं कळतं. तो गाळ्यात शिरतो तेव्हा मान वर करून इमारती बघत नाही, गोणीत हात घालतो. लासलगावला कांदा ट्रॅक्टरमध्ये उघडा असतो, लिलाव उभ्या उभ्या होतो, भाव क्विंटलचा बोलतात. इथे माल गोणीत बंद, व्यवहार गाळ्यात, बोली किलोवर. त्याला खटकतं ते हेच, की वरचे चार कांदे बघून खालचा माल कसा कळणार? या एका खटक्यात वाचकाला दोन्ही बाजार कळतात आणि संपतही कळतो. बावरलेला संपत मला ‘भव्य बाजारपेठ’ एवढंच देऊ शकला असता.

आता नकाशाचं. संपत नातेवाइकाकडे कोपरखैरण्यात उतरलेला असतो. सगळे त्याला ‘वाशी मार्केट’ म्हणूनच सांगतात, म्हणून पहिल्या सकाळी तो वाशीची गाडी पकडून थेट वाशीला उतरतो. बाहेर पडतो तर स्टेशनच्या डोक्यावरच ऑफिसांची प्रचंड इमारत, गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली पोरं, आणि कांद्याचा वास नाही. रिक्षावाला सांगतो, ‘मार्केट? ते तुर्भ्यात.’ म्हणजे मघाशी मागे टाकलेल्या स्टेशनाच्या अंगाला. बाहेरच्या माणसाला लागणारा इथला निम्मा भूगोल या चुकीत येतो: बोलण्यातलं ठिकाण आणि खरं ठिकाण वेगळं, आणि हमालांचं शहर व कॉम्प्युटरवाल्यांचं शहर रेल्वेच्या एकाच मार्गावर एकमेकांना खेटून. मला सिडकोचं नाव एकदाही घ्यावं लागलं नाही. ज्येष्ठ म्हणाले, हा योगायोग झाला. योगायोग कसला, आमच्याकडे आलेले पाहुणे नेहमी असेच चुकतात.

चूक रचताना एक पथ्य पाळा. चूक त्याच्या जुन्या ज्ञानातून निघाली पाहिजे. माझ्या कथेतला सगळ्यात जमलेला भाग याच पथ्यातून निघाला. संपत पुढे गावठाणाला लागून एका आगरी घरमालकाकडे खोली घेतो. घरात सारखं ऐकू येतं: ‘साडेबारा टक्क्यात मिळालेला’, ‘साडेबारा टक्क्याची फाईल’. संपत मार्केटचा माणूस, टक्के म्हटलं की त्याच्या डोक्यात आडत येते. त्याला वाटतं घरमालक जमिनीची दलाली करतो, आणि एवढी दलाली म्हणजे लूटच. तो मनातल्या मनात त्या माणसाला जोखून मोकळा होतो, आणि वाचकही त्याच्यासोबत जोखतो. मध्ये एक प्रसंग जातो, जिथे हाच शब्द येतो पण अर्थ सुटत नाही. मग जानेवारीत घरमालक उरणकडच्या जासईला निघतो, हुतात्म्यांना अभिवादन करायला. संपत विचारतो, कोण हुतात्मे? तेव्हा कळतं की शहरासाठी जमिनी घेतल्या, मोबदल्यावरून दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन पेटलं, जानेवारी 1984 मध्ये गोळीबारात पाच जण गेले, आणि त्या लढ्यातून पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकांना परत द्यायचं ठरलं. ज्या खोलीत संपत भाड्याने राहतोय ती त्याच परत मिळालेल्या तुकड्यावर आहे.

हे पहिल्या पानावर सांगितलं असतं तर वाचकाने सामान्यज्ञान म्हणून वाचून सोडून दिलं असतं. इथे त्याला संपतबरोबर खाली बघावं लागतं. ‘हळूहळू’ म्हणजे माहितीचे छोटे घास करून भरवणं नव्हे. आधी शब्द कानावर पडू द्या, मग चुकीचा अर्थ लागू द्या, आणि खरा अर्थ तेव्हाच द्या जेव्हा त्याने माणसांमधलं काहीतरी बदलतं.

नावांकडे विशेष लक्ष द्या, सगळे इथेच पकडले जातात. ‘ठाण्याहून गाडी निघाली आणि डावीकडे पारसिकचा डोंगर दिसू लागला’ असं लिहिलंत की तो डोंगर तुम्ही बघितला, तुमच्या नायिकेने नाही. तिला नुसता डोंगर दिसेल, पावसाळा असेल तर ओघळ दिसतील. पारसिक हे नाव कुणीतरी तिच्यासमोर उच्चारेपर्यंत कथेत येता कामा नये. एकदा आलं की मग मात्र तिने ते सहज वापरावं. ती रुळत चालल्याची खूण मला तरी यापेक्षा चांगली माहीत नाही. स्टेशनांची नावंही तशीच. पहिल्या प्रवासात तिने ऐरोली, रबाळे, घणसोली मोजत जावं, कारण उतरायची धास्ती असते. महिन्याभराने नावं गळून पडावीत आणि दारापाशी उभं राहायची वेळ तेवढी कळावी.

आणि कृपा करून गाईड घालू नका. म्हणजे तो मावसभाऊ जो स्टेशनवर घ्यायला येतो आणि रिक्षात सगळा इतिहास सांगतो. इथे राहणारा माणूस पाहुण्याला एवढंच सांगतो की पाणी किती वाजता जातं आणि रिक्षावाल्याला किती द्यायचे. कुणी त्यापेक्षा जास्त बोलत असेल तर त्याचा काहीतरी डाव असला पाहिजे, खोली गळ्यात मारायची असेल, किंवा संपतच्या घरमालकासारखी जखम असेल.

आता जरा सावधगिरीचं. हे सगळं नायक काही काम घेऊन आला असेल आणि राहणार असेल तरच चालतं. दोन दिवसांच्या लग्नाला आलेल्या माणसाला साडेबारा टक्के कळण्याइतका वेळच नसतो. तुमची नायिका ‘मी’ म्हणून दहा वर्षांनी आठवून सांगत असेल तर पारसिकचं नाव पहिल्या ओळीत आलं तरी चालेल, कारण सांगणारी आता नवखी नाही. आणि फोनचं काय, हेही ठरवून टाका. आजची मुलगी नकाशा बघत येणार, वाशी-तुर्भेची चूक तिच्याकडून होणार नाही. तिची चूक माणसांबद्दलची ठेवा, ती फोन सुधारत नाही.

तुमची नायिका कशासाठी येते ते प्रश्नात नाही, म्हणून तिचं पहिलं पान कसं असावं ते मी सांगू शकत नाही. नोकरीला येत असेल तर ऑफिसच्या पत्त्यापासून सुरू करा, सेक्टरचे आकडे तिला आपोआप फिरवतील.

आमचे ते ज्येष्ठ पाचपाखाडीत राहतात. मार्केटात ते कधी गेले आहेत का, असं मी त्यांना भर बैठकीत विचारलं होतं. म्हणाले, भाजी दारावर येते.