ड श्रेणी नेमकी कशात आहे?

प्रिय ताई, मी नोकरीसाठी मस्कतला असतो. बायको-मुलगा साताऱ्याकडे गावी आहेत. मुलगा सहावीत, मराठी माध्यमात. पहिल्या सत्राच्या प्रगतिपत्रकाचा फोटो तिनं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, तोच सोबत जोडलाय. इंग्रजीत ड, बाकी बहुतेक ब आणि क. नंबर २७ वा. शेरा ‘लेखी सराव आवश्यक’. चौथीपर्यंत हा मुलगा हुशार म्हणून ओळखला जायचा. रात्री झोप लागत नाही. फोनवर त्याला खूप बोललो, तोही रडला. इंग्रजीचा क्लास लावायचं ठरवलंय. पोरगं हातचं चाललंय का? – एक बाप

---

दादा, क्लासचे पैसे अजून भरले नसतील तर आठवडाभर थांबा. तुमच्या मुलाला इंग्रजीत ड मिळालेला नाही, असं मला फोटो पाहून वाटतं.

फोटो मोठा करून बघा. पत्रक मधल्या घडीवर उचललेलं आहे, त्यामुळे डावीकडच्या विषयांच्या ओळी आणि उजवीकडच्या श्रेणींच्या ओळी एकमेकींना जुळत नाहीत. शिवाय वरच्या कोपऱ्यात ट्यूबलाइटचा पांढरा डाग पडलाय. विषय मोजले तर दहा भरतात आणि श्रेणी दिसतात नऊ. वरून वाचत गेलं की शेवटी शारीरिक शिक्षणासमोर रिकामी जागा उरते, आणि शाळा ती जागा सहसा रिकामी सोडत नाही. म्हणजे डागाखाली गेली ती मराठीची श्रेणी, आणि तुम्ही प्रत्येक श्रेणी एक ओळ वर वाचलीत. खालून वर मोजत या. शारीरिक शिक्षण अ-२, कार्यानुभव अ-२, कला ब-१ असं करत वर आलं की ड येतो गणितासमोर. इंग्रजीत क-१ आहे.

खात्रीसाठी वहिनींना पुन्हा फोटो काढायला सांगा. पत्रक प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर काढून दिवसा खिडकीजवळ जमिनीवर सपाट ठेवायचं, फोन बरोबर वर धरायचा, फ्लॅश बंद. डाव्या-उजव्या पानांचे वेगळे फोटो घ्यायचे आणि व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवायचे. साधा फोटो पाठवला की तो दाबला जातो आणि हाताने लिहिलेले १ आणि २ सारखेच दिसू लागतात. ब-१ आणि ब-२ मध्ये दहा गुणांचा फरक असतो.

आता त्या ड बद्दल. राज्यात २०१० पासून पहिली ते आठवीला सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. त्यात ९१ ते १०० ला अ-१, मग दहा-दहाच्या पायरीनं अ-२, ब-१, ब-२, क-१ आणि ४१ ते ५० ला क-२. ड म्हणजे ३३ ते ४०. त्याखाली इ-१ आणि इ-२. त्या दोन श्रेणींतल्या मुलांकडे शाळेनं जादा लक्ष द्यायचं असतं. तेव्हा ड ही काळजी करण्यासारखी श्रेणी आहेच, ते मी तुमच्यापासून लपवणार नाही. पण ती कशामुळे आली हे श्रेणीवरून कळत नाही.

सहावीला प्रत्येक मुख्य विषयाचे १०० गुण दोन भागांत असतात. ५० आकारिकचे: वर्गातलं निरीक्षण, तोंडी काम, कृती, प्रकल्प, छोट्या चाचण्या, स्वाध्याय. ५० संकलितचे, म्हणजे सत्राच्या शेवटच्या परीक्षेचे. त्यात १० तोंडी किंवा प्रात्यक्षिक आणि ४० लेखी. समजा तुमच्या मुलाला गणितात ३९ पडले. ते आकारिक २८ आणि संकलित ११ असे पडलेले असू शकतात, किंवा आकारिक १४ आणि संकलित २५ असेही. पत्रकावर दोन्हीकडे ड च दिसणार. पहिल्या मुलाला वर्गात गणित बऱ्यापैकी येतं, पण पेपर हातात पडला की अडतं: शाब्दिक उदाहरण वाचून कळत नाही, पायऱ्या लिहीत नाही, वेळ पुरत नाही. दुसऱ्याला पेपर बरा जातो, पण वह्या अपुऱ्या, प्रकल्प दिलेला नाही, चाचण्यांना गैरहजर. पहिल्याला रोज दोन उदाहरणं घड्याळ लावून लिहून काढायला बसवावं लागतं. दुसऱ्याच्या बाबतीत आधी दप्तर आणि हजेरी बघायची. एकच क्लास दोघांनाही लावला तर एकाचे पैसे नक्की वाया जातात.

तुमचा मुलगा यातला कोणता, याची खूण त्याच पत्रकावर आहे. तुम्ही फक्त ‘सुधारणा आवश्यक’ हा रकाना वाचलात. त्याच्या शेजारी ‘विशेष प्रगती’ आहे आणि तिथे बाईंनी लिहिलंय, ‘तोंडी उदाहरणे अचूक सांगतो’. वर्गातल्या सगळ्यांच्या नोंदी लिहिताना शिक्षकांकडून ठरावीक वाक्यं येतातच. ‘लेखी सराव आवश्यक’ हे निम्म्या वर्गाच्या पत्रकावर सापडेल, त्याला एकटं घेऊन घाबरू नका. पण ‘तोंडी उदाहरणे अचूक सांगतो’ हे शिक्षक उगाच लिहीत नाहीत, ते त्या मुलाकडे पाहूनच सुचतं. दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या की तो पहिल्या प्रकारातला असावा असं वाटतं.

आणखी एक रकाना बघा, उपस्थितीचा. ऑगस्टमध्ये शाळेचे दिवस २३ आणि हा हजर १३. आजारी होता का? तुम्हाला कुणी सांगितलं होतं का? सहावीच्या गणितात पूर्णांक संख्या आणि अपूर्णांकांवरील क्रिया हे धडे पहिल्या सत्रात येतात. ते नेमके त्या दहा दिवसांत झाले असतील, तर पुढचं कळायला अडचण येणारच.

त्या २७ चं म्हणाल तर, तो आकडा नावाच्या ओळीत आहे आणि त्याच्या आधीचा भाग फोटोत कापला गेलाय. फक्त ‘क्र.’ एवढंच दिसतं. माझ्या अंदाजानं तो हजेरी क्रमांक आहे. काही शाळा गुणानुक्रम लिहितात, पण तो निकालाच्या बाजूला, बेरजेखाली असतो. आणि तो गुणानुक्रम निघालाच, तर वर्गाचा पट किती हे विचारा. मधल्या गुणांत मुलांची गर्दी असते. तिथे सगळ्या विषयांत मिळून पाच-सात गुण इकडेतिकडे झाले तरी नंबर बराच हलतो. त्यावरून मुलाला काय येतं हे कळत नाही.

वहिनींना वर्गशिक्षिकांकडे पाठवा. दोनच गोष्टी मागायच्या: गणितातले आकारिक आणि संकलितचे वेगवेगळे गुण, आणि संकलितची उत्तरपत्रिका. दुकानाची पावती तपासावी तशी ती उत्तरपत्रिका तपासायची. किती उदाहरणं कोरी सोडली, किती चुकली, आणि किती ठिकाणी उत्तर बरोबर असून पायऱ्या नसल्यानं गुण गेले, हे मोजायचं. शेवटचे प्रश्न कोरे असतील तर वेळ कमी पडतो. कोरे प्रश्न मधेमधे विखुरले असतील तर ते धडे राहिलेत. शाब्दिक उदाहरणं तेवढी चुकली असतील तर अडचण वाचनाची आहे, आणि तिथे आधी मराठी वाचनाकडे बघा.

सहावीच्या या श्रेणीवर त्याचं वर्ष जाणार नाही. आता पाचवी आणि आठवीला मात्र वार्षिक परीक्षेत उत्तीर्ण व्हावं लागतं. आठवीला विषयाला ६० पैकी किमान २१ हवेत, नाहीतर पुनर्परीक्षा. म्हणून लेखी पेपरची ही अडचण या वर्षी सोडवली तर पुढे त्याला सोपं जाईल.

फोन मात्र आजच करा. इंग्रजीत ड नाही, माझं वाचायला चुकलं, हे त्याला स्वतःहून सांगा. मग अपूर्णांकाचं एक उदाहरण तोंडी विचारा, आणि त्यानं सांगितलं की तेच कागदावर लिहून फोटो पाठव म्हणा. तोंडी आणि लेखी यांत तो कुठे अडतो ते तुम्हाला तिथूनही दिसेल.

– ताई