हेक्टरी १७,००० रुपये, मग एकराला ३,४०० कसे?

प्रश्न: ऑगस्ट २०२५ च्या पुरात शिरोळ तालुक्यातला माझा ४० गुंठे ऊस बुडाला. जीआरमध्ये बागायतीला हेक्टरी १७,००० रुपये लिहिले आहेत, शेजारी २७,००० म्हणतात आणि माझ्या खात्यावर ३,४०० जमा झाले. जीआर नेमका कसा वाचायचा?

उत्तर: शेजाऱ्यांचा आकडा खोटा नाही, परंतु तो १ जानेवारी २०२४ च्या शासन निर्णयातला आहे. पुढे ३० मे २०२५ च्या निर्णयाने ते वाढीव दर मागे घेऊन २७ मार्च २०२३ चे दर पुन्हा लागू केले: जिरायतीला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,००० आणि बहुवार्षिक पिकांना २२,५०० रुपये. निधी वितरणाच्या निर्णयात बहुधा केवळ जिल्हानिहाय रकमा असतात, म्हणून दर शोधताना आरंभीच्या 'वाचा' या भागात कोणत्या जुन्या निर्णयांचा उल्लेख आहे ते आधी पाहावे आणि आपली आपत्ती कोणत्या तारखेची आहे त्याच्याशी ते ताडून घ्यावेत.

आता ३,४०० चा हिशेब. आपल्याकडे उसाचा पंचनामा बागायतीत होतो, त्यामुळे आरला १७० रुपये धरले तर ४० आरचे ६,८०० व्हायला हवेत. त्याच्या बरोबर निम्मी रक्कम दोनच वाटांनी येऊ शकते: ४० आर जिरायतीच्या ८५ रुपयांनी धरले गेले, अथवा बागायतीच्या दराने २० आरच धरले गेले.

पहिली चूक सातबाऱ्यावर दिसते. गाव नमुना बारामध्ये ऊस 'अजलसिंचित' लिहिला गेला असेल, तर त्याला जिरायती दर लागण्याचा धोका असतो. आमच्या भावकीत असेच झाले होते. पाणी सहकारी पाणीपुरवठा संस्थेचे, गटात विहीर नाही, आणि ई-पीक पाहणी करताना सिंचनाचे साधन भरायचे राहून गेले.

दुसरी शक्यता चूकच असेल असे नाही. ३३ टक्के ही पात्रतेची अट आहे, रकमेचे प्रमाण नव्हे. जेवढ्या क्षेत्रात नुकसान ३३ टक्के किंवा अधिक, तेवढ्यावर पूर्ण दर मिळतो, मग नुकसान ४० टक्के असो वा ९०. त्याखालच्या क्षेत्राला काहीच मिळत नाही. नदीकडचा निम्मा ऊस कुजला आणि वरच्या अंगाचा तगला असेल, तर पंचनाम्यात २० आर लिहिणे नियमाला धरूनच आहे.

म्हणून तलाठ्यांकडे पंचनाम्याच्या यादीतली आपली ओळ पाहा आणि तीत बाधित क्षेत्र व पीकप्रकार काय लिहिला आहे ते तपासा. क्षेत्र ४० आर आणि प्रकार जिरायत दिसल्यास पाणीपुरवठा संस्थेची पाणीपट्टीची पावती व कारखान्याकडील ऊसनोंद जोडून तहसीलदारांकडे लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. खरे तर विशिष्ट क्रमांकावर आधार प्रमाणीकरणाचा अंगठा देण्यापूर्वीच ही ओळ वाचायला हवी, कारण माहिती मान्य नसल्यास तक्रार नोंदवण्याची सोय तिथेच असते.